अण्णांच्या मेसेजमधला बदाम

अण्णा, तुम्ही गेलात त्या दिवशी दुपारी तुमच्या सख्ख्या थोरल्या भावानं, आपल्या तात्यांनी, बातमीच्या खाली सात हसणारे चेहरे पाठवले. तेच ते, हसून हसून डोळ्यांतून पाणी येणारे. 😂😂😂😂😂😂😂. वर एक शब्द नाही, खाली एक शब्द नाही.

घराण्याचा ग्रुप गार पडला. सांगवीच्या आत्यांच्या लेकीनं ताबडतोब लिहिलं, ‘तात्या???’ तीन प्रश्नचिन्हं. एक प्रश्नचिन्ह म्हणजे प्रश्न, तीन म्हणजे कानाखाली. कुणीतरी म्हणालं डिलीट करायला सांगा, कुणीतरी म्हणालं म्हातारपणी डोक्यावर परिणाम होतो. इकडे हॉलमध्ये माणसं बसलेली, अजून तुमची चप्पल दारात होती, आणि मी रडायचं सोडून फोन घेतला आणि टाइप करायला लागले. मी लिहिलं, ‘तात्या एक्याऐंशी वर्षांचे आहेत. त्यांना चष्म्यातून दोन्ही गालांवर पाणी दिसलं, म्हणून त्यांनी ते निवडलं. ते सात वेळा रडलेत. कुणी काही बोलायचं नाही.’ पाच मिनिटांनी सांगवीहून उत्तर आलं, ‘सॉरी तात्या.’ तात्यांना ते सॉरी कशाबद्दल ते कळलंच नाही. त्यांनी परत दोन पाठवले, आणि या वेळी खाली सगळ्यांनी हात जोडले.

त्या घडीला मला पहिली आठवण तुमची आली. आता अण्णा असते तर मोठ्यांदा म्हणाले असते, सूनबाई, जिंकलीस.

सगळं जग तुम्हाला तिरसट म्हणायचं. मीही म्हणायचे, लपवत नाही. लग्न करून संत तुकाराम नगरच्या घरात आले तेव्हा सासूबाई आधीच गेलेल्या. घरात तुम्ही, प्रमोद आणि भिंतीवरचं घड्याळ, आणि तिघांत घड्याळच जास्त बोलायचं. तुमच्या कानांनी तीस वर्षं प्रेस शॉपमध्ये काढलेली. लोखंडाचा पत्रा दाबणारी ती अजस्र मशिनं दिवसभर दणके देत राहायची, आणि निवृत्त होईपर्यंत त्यांनी तुमचे दोन्ही कान घेतले होते. कानातलं यंत्र तुम्हाला आवडायचं नाही, कुकरच्या शिट्टीनं डोकं उठतं म्हणायचात. फोन लावला तर तुम्ही ‘ऐकू येत नाही, लिहा’ असं ओरडून ठेवून द्यायचात. म्हणून तुमच्याशी जे काही बोलायचं ते लिहून. लोकांना मेसेज ही सोय असते. तुम्हाला तोच आवाज होता, आणि समोरच्याचा आवाजही तोच.

आणि तो आवाज कसा, तर प्रत्येक शब्दापुढे पूर्णविराम.

‘जेवलो.’ ‘बरं.’ ‘या.’ ‘कळलं.’ पहिल्या वर्षी तुमचा ‘बरं.’ आला की मी तो दहादा वाचायचे. आईला फोन करून विचारायचे, मी काय केलं गं? आई म्हणायची, ‘आगं, बरं म्हणलेत न्हवं, मंग?’ आईला नाही कळायचं. आमच्या पिढीत ‘बरं’ म्हणजे ठीक, आणि ‘बरं.’ म्हणजे दार लावून घेतलं. अण्णा, यात आमचा आगाऊपणा नाही. मेसेज पाठवला की तो आपोआप संपतो, चौकोन तिथेच बंद होतो. मग शेवटी टिंब कशाला? ज्याची गरज नाही ते कुणी मुद्दाम ठेवलं की माणूस त्यात अर्थ शोधतो. चार ओळींच्या मजकुरात टिंब दिसतसुद्धा नाही. एका शब्दापुढे ते खिळ्यासारखं दिसतं.

हे मला कळायचं कारण माझी नोकरी. चाकणला डिस्पॅचला आठ वर्षं झाली, दिवसाला पन्नास ड्रायव्हरांना मेसेज जातात. ‘कुठे आहात’ लिहिलं की उत्तर येतं. ‘कुठे आहात?’ लिहिलं तरी येतं. ‘कुठे आहात???’ लिहिलं की माणूस गाडी बाजूला घेऊन चहा पीत बसतो आणि फोन उचलत नाही. ‘कुठे आहात 🙏’ लिहिलं की मोशीच्या ट्रॅफिकमधूनसुद्धा फोटो पाठवतो. शब्द तेच. मी हे तुम्हाला एकदा वहीत लिहून दाखवलं, तर तुम्ही खाली लिहिलंत, ‘ड्रायव्हर आळशी आहे.’ पूर्णविरामासकट.

मग एका गुरुवारी, माझ्या सुट्टीच्या दिवशी, तुम्ही मला त्या टिंबाचं मूळ सांगितलंत. प्रेस शॉपमध्ये शिफ्ट बदलताना रजिस्टर भरायचं. कुठल्या डायनं, म्हणजे साच्यानं, काय त्रास दिला, कुठला सुटा भाग बदलला, पुढच्यानं काय बघायचं. नोकरीच्या पहिल्या वर्षी तुम्ही एक ओळ लिहून घरी गेलात आणि मागून कुणीतरी तुमच्याच ओळीच्या शेवटी चार शब्द जोडले. दुसऱ्या दिवशी त्या चार शब्दांसाठी तुमची सगळ्यांदेखत कानउघाडणी झाली. अक्षर तुमचं नाही हे कुणी बघितलं नाही. त्या दिवसापासून तुम्ही ओळ संपली की ठसठशीत टिंब द्यायचात, उरलेल्या जागेवर आडवी रेघ मारायचात आणि सही करायचात. कुणाला दुरुस्ती करायची असेल तर त्यानं स्वतःची ओळ लिहावी, स्वतःची सही करावी. तुम्ही म्हणालात, ‘माझ्या शब्दाला मी जबाबदार. दुसऱ्याच्या शब्दाला नाही. टिंब म्हणजे एवढंच.’

अण्णा, ज्याला मी दोन वर्षं राग समजत होते तो तुमचा शब्द देण्याचा प्रकार होता. तुमचं ‘या.’ म्हणजे ‘या, मी वाट बघतोय, यात आता बदल नाही’ असं होतं. पण हे प्रमोदला सांगायला मी फार उशीर केला.

प्रमोदची शिफ्ट चाकणला, माझीही. जायला दीड तास, यायला दोन. शेवटी आम्ही चाकणला दोन खोल्या घ्यायचं ठरवलं. तुम्हाला बरोबर चला म्हणालो, तुम्ही नाही म्हणून मान हलवलीत. सामान गेलं त्या संध्याकाळी तुमचा मेसेज आला. ‘घर उभं करायला बावीस वर्षं लागली. सोडायला एक टेम्पो पुरला. सुखी राहा.’

प्रमोदनं ते शेवटचं ‘सुखी राहा.’ वाचलं आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. हा आशीर्वाद नाही, हा शाप आहे, म्हणाला. मी म्हटलं, अरे, ते तसंच लिहितात. तो म्हणाला, तुलाच त्यांचं कौतुक. आणि त्यानं उत्तर काय पाठवावं? अंगठा. 👍. त्याच्या लेखी त्याचा अर्थ ‘वाचलं, वाद नको’. कंपनीच्या ग्रुपवर साहेबानं काही टाकलं की सगळे तोच टाकतात. तुमच्या लेखी त्याचा अर्थ काय झाला ते मला पुढच्या गुरुवारी कळलं. तुम्ही फोन माझ्यापुढे धरलात आणि म्हणालात, ‘बापाला ठेंगा दाखवतो.’

मी हसले. तुम्ही नाही हसलात. सात महिने बापलेकांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नाही.

आता जे लिहायचंय ते मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. तोंड होतं, वही होती, दर गुरुवार होता, आणि तरी सांगितलं नाही. त्या सात महिन्यांत प्रमोदचा वाढदिवस आला. मी तुमच्याकडे आले होते. तुम्ही फोनवर बराच वेळ खाटखूट करून मेसेज लिहिलात आणि मला दिलात, नीट आहे का बघ आणि पाठव, म्हणालात, आणि चहा टाकायला आत गेलात. स्क्रीनवर होतं, ‘वाढदिवस. शुभेच्छा. तब्येत सांभाळ.’

अण्णा, माझे हात शिवशिवले. तीन टिंबं, तीन खिळे. मला दिसत होतं तो हे कसं वाचणार ते. आत तुम्ही साखरेचा डबा शोधत होता. मी तिन्ही टिंबं पुसली आणि शेवटी एक लाल बदाम लावला. पाठवला. ‘वाढदिवस शुभेच्छा तब्येत सांभाळ ❤️’.

ज्या माणसानं आयुष्यभर आपल्या ओळीपुढे रेघ मारली, त्याच्या ओळीत मी, त्याच्याच घरात बसून, भर घातली.

आणि वर ती भर उलटली. मी घरी पोचले तर प्रमोद फोन घेऊन बसलेला. म्हणाला, हा अण्णांचा नाहीच. अण्णा आणि बदाम? कुणाकडून तरी लिहून घेतलाय. दोन शब्द स्वतः लिहायची इच्छा नाही त्यांची. खोटं गोड बोलण्यापेक्षा त्यांची शिवी परवडली असती. मला तेव्हा कळलं की आपण केवढी माती खाल्ली. चिन्हाचा अर्थ चिन्हात नसतो, पाठवणाऱ्यात असतो. आत्यांच्या लेकीनं बदाम पाठवला तर ती रोज दहा जणांना पाठवते, म्हणून तो गोड आहे आणि स्वस्त आहे. तुमच्याकडून आला म्हणून तो खोटा वाटला. प्रमोदनं पुन्हा अंगठा पाठवला, आणि तुमच्याकडे दुसरा ठेंगा जमा झाला. मी तोंड उघडलं नाही. भित्री कुठली.

पाठवलेला मेसेज तुमच्या फोनवर होताच, तुम्ही तो बघितला असणारच. पण तुम्हीही काही बोलला नाहीत. पुढच्या गुरुवारी मला पोहे केलेत आणि वर खोबरं जास्त घातलंत. मी ते मान खाली घालून खाल्ले.

मग तुमच्या छातीचं निघालं. डॉक्टरांनी मंगळवारची तारीख दिली. तुम्ही प्रमोदला स्वतः लिहिलंत. मला दाखवलं नाहीत, बहुतेक शहाणे झाला होता. ‘ऑपरेशन मंगळवारी. आलास तर बरं. नाही आलास तरी बरं.’

प्रमोदनं शेवटच्या वाक्यावर बोट ठेवलं. बघ, म्हणाला, मी आलो काय न आलो काय, त्यांना सारखंच. मी नाही जाणार.

त्या वेळी माझं डोकं फिरलं. मी त्याच्या हातातनं फोन घेतला, सात महिन्यांचे, त्याआधीचे, सगळे तुमचे मेसेज वर सरकवत गेले आणि मोठ्यांदा वाचायला लागले. तुमच्या आवाजात. तुम्ही बोलता तसं, मशिनच्या वर आवाज चढवून, एका दमात, टिंबावर अजिबात न थांबता. ‘जेवलास का आज गरम आहे पाणी पी.’ ‘पगार झाला का स्वतःला बूट घे.’ ‘पाऊस आहे गाडी हळू चालव पोचलास की सांग.’ स्क्रीनवर ते हुकूम होते. मोठ्यानं म्हटल्यावर ते लहान मुलाच्या मागे ताट घेऊन धावणाऱ्या माणसाचे शब्द झाले. मी म्हटलं, हे टिंब तुझ्यासाठी नाही रे, रजिस्टरसाठी आहे. आणि मग त्याला ती सगळी गोष्ट सांगितली, चार शब्द कुणी जोडले ती. त्याला माहीतच नव्हती! तीस वर्षं एका घरात राहून मुलाला माहीत नव्हती.

शेवटचा मेसेज मी सगळ्यात शेवटी वाचला. ‘आलास तर बरं, नाही आलास तरी बरं.’ एका दमात म्हटल्यावर मला तो कळला. अण्णा, तो बेफिकिरीचा मेसेज नव्हता. मुलानं नाही म्हटलं तर त्याला अपराधी वाटू नये, म्हणून एका घाबरलेल्या म्हाताऱ्यानं त्याच्यासाठी दार उघडं ठेवलं होतं.

प्रमोदनं फोन परत घेतला. मग मला म्हणाला, तू लिहून दे काहीतरी. मी म्हटलं, मेले तरी नाही. (का, ते त्याला तेव्हा कळलं नाही.) त्यानं लिहिलं, पुसलं, लिहिलं, हात जोडणारे टाकले, ते पुसले. ते हात नकोत, मी म्हटलं, अण्णांना वाटेल तू कंटाळून हात जोडलेस. शेवटी त्यानं एकच शब्द पाठवला.

‘येतो.’

पुढे टिंब. जन्मात पहिल्यांदा.

तुमचं उत्तर दोन मिनिटांत आलं आणि ते वाचून आम्ही दोघं रडता रडता हसलो. एक गुलाब, एक ट्रॅक्टर, एक केक, दोन मासे, झेंडा, आणि एक नाचणारी बाई. सगळं एका ओळीत. तुम्ही पुढे म्हणायचात, बोट घसरलं. बोट एकदा घसरतं अण्णा, सात वेळा नाही. तुम्हाला आनंद झाला होता आणि तो कुठे ठेवावा ते कळत नव्हतं.

त्यानंतर आपल्याला दोन वर्षं मिळाली. काय वर्षं होती ती! दर गुरुवारी आम्ही दोघं. प्रमोद घरात शिरल्या शिरल्या तुमच्या कानाशी ओरडायचा आणि तुम्ही म्हणायचात, ओरडू नको, बहिरा नाही मी. आणि तुमचं माझं भांडण, ते तर तसंच राहिलं. मी म्हणायचे, शेवटचं टिंब सोडा, लोकांना लागतं. तुम्ही म्हणायचात, मी का बदलू, वाचणाऱ्यानं माणूस ओळखून वाचावं. मी म्हणायचे, प्रत्येकाला तुमची ओळख कुठे असते? तुम्ही म्हणायचात, मग ओळख करून घ्यावी आधी, मेसेज नंतर. या भांडणाचा निकाल लागला नाही. अजूनही मला वाटतं की अर्धं माझं बरोबर आहे. तुमची तीन टिंबंसुद्धा मला शेवटपर्यंत छळत होती. ‘येताना भाजी आणा...’ म्हणजे तुम्हाला फक्त दम लागलेला असायचा, आणि मी इकडे पिशवी हातात धरून विचार करायचे, यांना नक्की काय म्हणायचंय?

तुम्ही गेलात ती सकाळसुद्धा तुमच्यासारखीच, पाल्हाळ नाही. गुरुवार होता, आम्ही तिथेच होतो. चहा अर्धा प्यायलात, कप खाली ठेवलात, प्रमोदचा हात धरलात आणि झालं. ग्रुपवर बातमी प्रमोदनं टाकली. कुणी म्हणालं मोठं काहीतरी लिही, फुलं लाव, दिवा लाव. त्यानं लिहिलं, ‘अण्णा गेले. सकाळी साडेसात. त्रास झाला नाही.’ आणि फोन ठेवला. मी ते दोनदा वाचलं. ती कोरडी बातमी नव्हती, मुलानं बापाच्या अक्षरात केलेली नोंद होती.

काल तेरावा झाला. माणसं गेली, भांडी आवरली, आणि दुपारी आम्ही दोघं ओट्यापाशी उभे राहून उरलेला शिरा खात होतो. तेव्हा मी प्रमोदला सांगून टाकलं. तो वाढदिवसाचा बदाम माझा होता. टिंबं मी पुसली. अण्णांचा शब्द मी बदलला आणि त्यांची माफीसुद्धा मागितली नाही, आणि आता मागायला ते नाहीत.

प्रमोदनं चमचा खाली ठेवला. मग म्हणाला, तो बदाम मी अण्णांना विचारला होता. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, तू खाली औषधं आणायला गेली होतीस तेव्हा. मनात सलत होतं म्हणून मी कागदावर लिहून विचारलं, वाढदिवसाचा मेसेज कुणी लिहून दिला?

मी म्हटलं, मग?

‘म्हणाले, मी. मीच लिहिला. अख्ख्या वॉर्डला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले. नर्स धावत आली.’

आणि?

‘आणि नर्स गेल्यावर हळूच मला विचारलं, तो बदाम फोनमध्ये असतो कुठे?’

अण्णा, ज्या माणसानं दुसऱ्याच्या चार शब्दांची जबाबदारी जन्मात घेतली नाही, त्यानं माझ्या ओळीखाली वॉर्डभर ऐकू जाईल अशी सही केली. मी माफी मागणार नाही आता. शिरा खाऊन झाल्यावर मी तुमचा फोन चार्जिंगला लावला, प्रमोदच्या नावावर गेले आणि वाढदिवसाचा तो मेसेज काढून आम्ही दोघांनी परत एकदा वाचला. तो तुमचाच आहे.